तेल नेमकं कुठे तापतं?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात मोटारींसाठी रबराचे बुश, सील, गॅस्केट काढणारे छोटे कारखाने गल्लोगल्ली आहेत. पत्र्याची शेड, दोन-तीन हायड्रॉलिक प्रेस आणि कोपऱ्यात त्यांना दाब पुरवणारा पॉवर पॅक. पॉवर पॅक म्हणजे तेलाची टाकी, मोटर, पंप आणि व्हॉल्व्हचा ठोकळा. उन्हाळा आला की इथली तक्रार ठरलेली असते: तेल तापतंय. सकाळी झटपट बंद होणारा प्रेस दुपारी रेंगाळायला लागतो आणि टाकीवर हात ठेवला तर चटका बसतो. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, ऊन वाढलंय." कूलर विकणारा म्हणतो, कूलर लहान पडतोय. पंप दुरुस्त करणारा टाकीकडे न बघताच सांगतो, पंप गेला.

तिघंही बरोबर असू शकतात आणि तिघंही चूक. कोण किती बरोबर आहे हे शोधायला महागडी उपकरणं लागत नाहीत. एक घड्याळ, एक थर्मामीटर, एक बादली आणि शाळेतला गुणाकार-भागाकार एवढ्यावर बरंच काम भागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पंप तेलावर दाब आणतो, म्हणजे मोटरची ताकद तेलात भरतो. त्या तेलानं सिलिंडरचा दट्ट्या पुढे ढकलला तर ताकद कामी आली. पण तेच तेल काहीही न हलवता कुठल्या तरी फटीतून निसटून टाकीत परत गेलं, तर ती ताकद नाहीशी होत नाही, ती उष्णता होते. सगळीच्या सगळी. जेम्स जूल यांनी 1840च्या दशकात पडणाऱ्या वजनाच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवून पाणी तापतं हे मोजून दाखवलं होतं. पॉवर पॅकच्या टाकीत तोच प्रयोग दिवसभर चालू असतो, फक्त त्याचं बिल कारखानदार भरतो.

ही उष्णता किती, हे काढायचं सूत्रही सोपं आहे. बारमधला दाब गुणिले मिनिटाला वाहणारे लिटर, भागिले 600, उत्तर किलोवॅटमध्ये. मिनिटाला 60 लिटर तेल 150 बार दाबावरून थेट टाकीत सुटत असेल तर उत्तर येतं 15 किलोवॅट. म्हणजे दीड किलोवॅटच्या दहा गिझरच्या कॉइल तेलात बुडवून चालू ठेवल्यासारखंच झालं. आता दुसरी बाजू पाहू. अडीचशे लिटरच्या टाकीचं उघडं अंग साधारण दोन चौरस मीटर भरतं. तेल बाहेरच्या हवेपेक्षा 30 अंशांनी गरम असलं तरी नुसत्या पत्र्यातून जेमतेम पाऊण किलोवॅट उष्णता बाहेर जाते. बाकी सगळी कूलरनं ओढून काढायची, नाहीतर ती तेलातच साठत जाते.

अशा कारखान्यांत वारंवार दिसणारी एक परिस्थिती नमुना म्हणून घेऊ. आकडे हिशेबाला सोयीचे, गोल केलेले आहेत. तीन प्रेस, मिळून एकच पॉवर पॅक. टाकीत 250 लिटर तेल, कामगारांच्या भाषेत '68 नंबरचं'. मोटर 25 एचपीची, 1440 फेऱ्यांची. पंप अ‍ॅक्सिअल पिस्टन जातीचा, एका फेरीत 45 घन सेंटिमीटर तेल देणारा, म्हणजे मिनिटाला साधारण 64 लिटर. हा पंप साधा नाही. त्याच्या डोक्यावर कॉम्पेन्सेटर नावाची यंत्रणा बसवलेली असते. ठरलेला दाब गाठला की ती पंपाच्या आतली तिरकी तबकडी सरळ करते, पिस्टनची हालचाल जवळपास थांबते आणि पंप तेल देणं बंद करतो. रबर दाबून धरायचं काम पाच-सात मिनिटांचं असतं. तेवढा वेळ सिलिंडरला नवं तेल नकोच असतं, फक्त दाब टिकवायचा असतो. अशा वेळी मोटरचा नुसता गुंजारव ऐकू यावा आणि तेल जवळजवळ थंड राहावं, यासाठीच तर हा महागडा पंप घेतलेला असतो.

कॉम्पेन्सेटरच्या जोडीला ओळीत एक रिलीफ व्हॉल्व्हही असतो. दाब हाताबाहेर गेला तर तेलाला टाकीकडे वाट करून द्यायची, एवढंच त्याचं काम. कॉम्पेन्सेटर असलेल्या यंत्रात रिलीफ व्हॉल्व्ह रोजच्या वापरात कधी उघडताच कामा नये. म्हणून तो कॉम्पेन्सेटरपेक्षा 15-20 बार वर लावतात. आपल्या नमुन्यात कॉम्पेन्सेटर 150 बारवर आणि रिलीफ 170वर हवा.

प्रत्यक्षात टाकीतलं तेल दुपारी 74 अंशांवर पोचलं होतं. पहिला संशय प्रेसच्या तापलेल्या प्लेटांवर गेला, कारण रबर शिजवायला त्या दीडशे अंशांच्या वर तापवलेल्या असतात. दुसरा संशय कूलरवर. बोअरचं पाणी वापरणाऱ्या कूलरच्या नळ्यांत क्षार धरतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. कूलर उघडून आम्लानं धुतला. तेल तीन-चार अंशांनी उतरलं आणि तिथेच अडलं. इथपर्यंत बहुतेक जण येतात. यानंतर मोठा कूलर मागवायचा की नाही यावर चर्चा सुरू होते.

खरा तपास इथून पुढे. पुण्याच्या औद्योगिक भागात गुरुवारी सुट्टी असते, तो दिवस यासाठी उत्तम. प्लेटांचे हीटर बंद, कूलरचं पाणी बंद, प्रेस दाबाखाली बंद करून ठेवलेला आणि पंप चालू. कुठेच काही हलत नाही, त्यामुळे या अवस्थेत तेल तापलं तर ती उष्णता शंभर टक्के गळतीची. थर्मामीटर टाकीत सोडून दहा मिनिटं थांबायचं. अडीचशे लिटर तेलाचं वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं, आणि एवढं तेल एक अंश तापवायला सुमारे 425 किलोज्यूल लागतात. इथे दहा मिनिटांत तेल 40वरून 50 अंशांवर गेलं. दहा अंश म्हणजे 4250 किलोज्यूल. त्याला 600 सेकंदांनी भागलं की सात किलोवॅट. टाकीचं लोखंड आणि बाहेर निसटलेली उष्णता धरली तर आकडा थोडा वरच जाईल.

या एका आकड्यानं वाद बराच मिटतो. प्लेटा थंड होत्या, ऊन टाकीत शिरलेलं नव्हतं, तरी नुसता दाब धरून ठेवायला सात किलोवॅट जळत होते. निरोगी पंपाला या अवस्थेत त्याच्या जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा पुरायला हवा. म्हणजे कूलर लहान नाही. उष्णता जास्त आहे.

मग ती कुठून येते? दाबाखालून निसटणारं तेल निसटण्याच्या जागीच तापतं, हा इथला मोठा आधार. दर 100 बार दाब वाया गेला की तेल साधारण पाच-सहा अंश तापतं. त्यामुळे नळ्यांचं तापमान एकेक करून पाहिलं की वाट सापडते. नळीला हात लावून बघायची सवय मात्र सोडायला हवी. गरम नळीचा चटका हा त्यातला लहान धोका आहे. दाबाखालच्या बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हातही गमवावा लागतो. त्यामुळे काम लांबूनच करायचं, पिस्तुलासारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं. त्यातही एक खोच आहे. चकचकीत पाइपवर किंवा क्रोमवर हा थर्मामीटर खोटं, कमी तापमान दाखवतो. ज्या जागा तपासायच्या तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवला की सगळीकडचे आकडे एकमेकांशी ताडता येतात.

नमुन्यातल्या यंत्रात टाकीतलं तेल 50 अंशांवर होतं. प्रेसकडून परत येणाऱ्या नळ्या त्याहून थंड होत्या. याचा अर्थ सिलिंडरच्या सीलमधून किंवा दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हमधून फारसं तेल निसटत नव्हतं. पण रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीकडे उतरणारा आखूड पाइप 60 अंशांवर होता. या पाइपमधून तेल वाहायलाच नको. तो शेडमधल्या इतर लोखंडाएवढाच असायला हवा. जवळ कान नेला तर बारीक फुसफुसही ऐकू येत होती. रिलीफ व्हॉल्व्ह गुपचूप तेल सोडत होता.

गेज पाहिला तर दाब 160. कॉम्पेन्सेटर 150वर असायला हवा होता, मग 160 कसा? चौकशी केली की अशा वेळी हमखास एक गोष्ट बाहेर येते. काही आठवड्यांपूर्वी प्रेस हळू चालतोय अशी तक्रार आली होती. कुणीतरी पाना घेऊन कॉम्पेन्सेटरचा स्क्रू आवळला, गेजचा काटा वर गेला आणि सगळ्यांचं समाधान झालं. प्रेसचा वेग मात्र वाढला नाही, वाढणारही नव्हता. सिलिंडर किती जोरानं दाबेल हे दाबावर ठरतं. किती झपाझप सरकेल हे मिनिटाला किती तेल मिळतं यावर ठरतं. दाबाचा स्क्रू फिरवून वेग मिळवायचा प्रयत्न हायड्रॉलिकच्या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग गैरसमजूत असावी.

रिलीफ व्हॉल्व्हही पूर्वी कधीतरी खाली आणलेला होता, 155च्या आसपास. आता दोघांची अदलाबदल झाली. पंप 160 गाठायला निघाला आणि वाटेत 155वर रिलीफ उघडला. शिवाय रिलीफ व्हॉल्व्ह दारासारखा एकदम सताड उघडत नाही. ठरलेल्या दाबाच्या थोडं अलीकडेच तो झिरपायला लागतो आणि दाब चढेल तसतसा अधिकाधिक तेल सोडतो. पूर्ण पंपाचं तेल वाहून न्यायला त्याला लावलेल्या दाबापेक्षा आणखी काही बार लागतात. म्हणून इथे 64च्या 64 लिटर सुटत नव्हते. 160 बारवर कॉम्पेन्सेटरनं पंप थोपवलेला होता आणि रिलीफमधून मिनिटाला 19 लिटरच्या आसपास वाहत होतं. सूत्रात घातलं तर पाच किलोवॅट. दोन स्क्रूंमधलं अंतर उलटं झाल्याची ही किंमत. रिलीफ आणखी खाली असता तर पंप कधी थोपलाच नसता आणि हाच आकडा पंधरा किलोवॅटच्या पुढे गेला असता.

हे दुरुस्त करायला सुटा भाग लागत नाही, क्रम तेवढा पाळावा लागतो. रिलीफ व्हॉल्व्ह लावताना कॉम्पेन्सेटर मध्ये आला तर गेजवर कॉम्पेन्सेटरचाच दाब दिसतो आणि रिलीफ किती लागला ते कळतच नाही. म्हणून पंपाच्या आणि यंत्राच्या कमाल दाबाच्या मर्यादेत राहून आधी कॉम्पेन्सेटर थोडा वेळ वर नेतात, गेज बघत रिलीफ 170वर बसवतात आणि मग कॉम्पेन्सेटर परत 150वर आणतात. नंतर चेकनट घट्ट करून वर रंगाची खूण मारली तर पुढच्या वेळी कुणी स्क्रू फिरवला की लगेच दिसतं. पाव तासानं रिलीफचा पाइप गार पडला तर काम झालं. दाब नीट लावूनही तो गरमच राहिला तर आत सीटवर कचरा अडकलाय किंवा सीट झिजली आहे असं समजून व्हॉल्व्ह उघडायचा.

एक सावधानता इथेच सांगायला हवी. गरम रिलीफ म्हणजे बिघाडच, असा नियम नाही. पुष्कळ जुन्या यंत्रांवर कॉम्पेन्सेटर नसलेला, सतत एकसारखं तेल देणारा पंप असतो आणि वेग कमी करायला पुढे फ्लो कंट्रोल लावलेला असतो. उरलेलं तेल रिलीफवरूनच जायचं, अशी त्या यंत्राची मूळ आखणीच असते. तिथे रिलीफ गरम असणं हा आखणीचा दोष, देखभालीचा नव्हे, आणि स्क्रू फिरवून तो जात नाही.

रिलीफ जागेवर आल्यावर दहा मिनिटांची तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी तेल तीन अंश चढलं. हिशेब येतो सुमारे दोन किलोवॅट. पाच गेले, दोन उरले. बरेच जण इथे थांबतात, कारण तेल आता पंचावन्न-साठ अंशांत राहतं आणि कुणी तक्रार करत नाही. पण मुळात प्रेस हळू का झाला होता, या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नव्हतं.

पिस्टन पंपात फिरणारे आणि स्थिर भाग एकमेकांवर तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगतात. त्यांच्यातली फट काही मायक्रॉनपासून वीस-पंचवीस मायक्रॉनपर्यंत असते; माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. या फटींमधून थोडं तेल निसटणं गरजेचंच असतं, त्यावरच भागांचं वंगण होतं. हे निसटलेलं तेल पंपाच्या कवचात साठतं आणि केस ड्रेन नावाच्या वेगळ्या नळीनं टाकीत जातं. पिस्टन पंपाच्या तब्येतीचा अहवाल याच नळीतून वाहत असतो. तेलात बारीक कचरा फिरत राहिला की फटी रुंदावतात, आणि इथे गणित क्रूर आहे: फटीतून वाहणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली तर गळती आठपट.

केस ड्रेनची चाचणी बादलीनं होते. नळीचं टाकीकडचं टोक सोडून खुणा केलेल्या बादलीत धरायचं, प्रेस दाबाखाली ठेवायचा आणि घड्याळ लावायचं. पथ्यं दोन. नळी कुठेही दाबली, चेपली किंवा बंद केली जाता कामा नये, कारण पंपाचं कवच आणि शाफ्टचं सील फार थोडा दाब सोसतं. केस ड्रेन बुजला तर सील काही क्षणांत बाहेर फेकलं जातं. आणि तेल कामाच्या तापमानाला आल्यावरच मोजायचं. गार तेलावर झिजलेला पंपही शहाण्यासारखा वागतो.

नमुन्यात दहा लिटरची बादली 75 सेकंदांत भरली. मिनिटाला आठ लिटर. 150 बारवर त्याची उष्णता होते बरोबर दोन किलोवॅट, म्हणजे टाकीतल्या थर्मामीटरनं सांगितलेलाच आकडा. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की तपास संपला असं मानायला हरकत नाही. आता कुठली तिसरी गळती शोधत बसायला नको.

आठ लिटर जास्त की कमी? धंद्यातला ठोकताळा असा की चांगल्या पंपाचा केस ड्रेन त्याच्या पूर्ण प्रवाहाच्या एक ते तीन टक्के असतो आणि दहा टक्क्यांच्या आसपास पोचला की पंप उतरवायची तयारी करावी. 64 लिटरच्या पंपाला आठ लिटर म्हणजे साडेबारा टक्के. पण हा ठोकताळा डोळे मिटून वापरू नये. कॉम्पेन्सेटर स्वतःच्या कामासाठीही थोडं तेल केसमध्ये सोडतो आणि प्रत्येक बनावटीचा आकडा वेगळा असतो. कंपनीच्या पुस्तकातला आकडा किंवा त्याच पंपाचा नवा असतानाचा आकडा मिळाला, तर तुलना खरी. केस ड्रेनच्या गाळणीत पितळी चमक सापडली तर उरलीसुरली शंकाही जाते; पिस्टनच्या टोकाचे जोडे आणि पंपाच्या आतल्या घासणाऱ्या तबकड्या बहुधा काशासारख्या मिश्रधातूच्या असतात आणि त्याच झिजत असतात.

आता सगळी साखळी उलगडते. आधी पंप झिजला. पुढे ढकलायच्या तेलातलं बरंचसं केसमध्येच निसटू लागलं आणि प्रेस मंदावला. मंदावला म्हणून कुणीतरी दाबाचा स्क्रू आवळला. त्यानं रिलीफ उघडा पडला, पाच किलोवॅटची भर पडली आणि तेल पंच्याहत्तरच्या दिशेनं निघालं. गरम तेल पातळ होतं. 68 नंबरच्या तेलाची घनता नव्हे, चिकटपणा 40 अंशांना 68 सेंटिस्टोक असतो, म्हणून तर ते 68 नंबरचं. 60 अंशांना तो 28वर येतो आणि 80 अंशांना 15च्या आसपास. पातळ तेल त्याच फटीतून तेवढ्याच पटीनं अधिक निसटतं. सकाळी 40 अंशांवर मिनिटाला तीन-चार लिटर सोडणारा पंप दुपारी त्याच्या तिप्पट सोडू शकतो, आणि ती जास्तीची गळती तेल आणखी तापवते. सकाळी चपळ, दुपारी सुस्त, हे लक्षण ऊन दाखवत नाही. ते आतली गळती दाखवतं. उन्हाळा तिला फक्त उघडी पाडतो, कारण शेडमध्ये 42 अंश असताना कूलरलाही थंड करायला फारसं काही उरत नाही.

तेल 80 अंशांच्या पुढे गेलं की नुकसान वेगळ्याच वेगानं होतं. साधे नायट्राइल रबराचे सील कडक होऊन चिरायला लागतात. तेलाचं ऑक्सिडेशन दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतं, त्यातून चिकट लाखेसारखा थर व्हॉल्व्हच्या स्पूलवर बसतो आणि स्पूल अडकायला लागतात. तेव्हा मोठा कूलर लावून तेल 60 अंशांवर आणलं तर हे टळतं, यात वाद नाही. पण वीज? रिलीफमधून उधळलेले पाच किलोवॅट मोटरनं आधी मीटरवरून ओढलेले असतात, मोटर आणि पंपातली घट धरून सहाच्या पुढे. महिन्यात तीनशे तास दाब धरायचं काम आणि युनिटला नऊ रुपये धरले तरी सोळा हजार रुपये केवळ तेल तापवण्यात जातात, आणि मग तेच तेल गार करायला पाण्याचा पंप आणि कूलिंग टॉवरचा पंखा चालवायचा.

गिअर पंप असेल तर हीच शोधाशोध थोडी अवघड होते. ट्रॅक्टर, टिपर, लहान प्रेस, गवंडीकामाची यंत्रं या सगळ्यांवर बहुतेक गिअर पंपच असतो, आणि त्याला केस ड्रेनची नळी नसते. आत निसटलेलं तेल पंपाच्या आतूनच परत शोषणाऱ्या बाजूला जातं. बाहेरून काही दिसत नाही, बादलीत धरायला काही येत नाही. तिथे पंपाच्या बाहेर फ्लो मीटर आणि त्याच्यापुढे दाब वाढवणारा लोड व्हॉल्व्ह लावून दोनदा मोजतात, दोन्ही वेळा मोटर त्याच वेगानं फिरती ठेवून आणि पंप व लोड व्हॉल्व्ह यांच्यामध्ये रिलीफ व्हॉल्व्ह असल्याची खात्री करून. बिनदाबाच्या अवस्थेत मिनिटाला 40 लिटर आले आणि कामाच्या दाबावर, गरम तेलावर 33 उरले, तर मधले सात लिटर पंपानं स्वतःच्या पोटात फिरवले. गार तेलावर हीच चाचणी केली तर 38 लिटर येऊ शकतात आणि पंप नवा आहे असा निर्वाळा देऊन मेकॅनिक घरी जातो.

नमुन्यातला पंप उतरवला तेव्हा त्याची झडपेची तबकडी ओरखडली होती. तबकडी आणि पिस्टनचे जोडे बदलले. पण पंप पुन्हा चढवण्याआधी कचरा आला कुठून हे बघणं जास्त महत्त्वाचं होतं. टाकीवरच्या हवेच्या झाकणाची जाळी हरवलेली होती आणि भोकात कापडाचा बोळा कोंबलेला होता. प्रेसच्या शेडमध्ये रबराची आणि टाल्कची धूळ सतत उडत असते. दट्ट्या बाहेर गेला की टाकीतलं तेल खाली जातं आणि टाकी तेवढी हवा आत ओढते, धुळीसकट. शंभर-दोनशे रुपयांचं झाकण वेळेवर बदललं असतं तर पंप आणखी काही वर्षं गेला असता. टाकी रिकामी करून धुतली, तेल बदललं, परतीच्या ओळीतलं फिल्टर नवं घातलं. केस ड्रेन पुन्हा मोजला तर मिनिटाला सव्वा लिटर. मे महिन्याच्या दुपारी तेल 52 अंशांवर थांबलं. तोच जुना कूलर.

ज्यांच्याकडे असा पॉवर पॅक आहे त्यांनी एवढं करावं: पंप नवा बसवला किंवा दुरुस्त होऊन आला त्याच दिवशी, तेल गरम असताना, केस ड्रेन मोजून आकडा, तापमान आणि दाब तेलरंगानं टाकीवरच लिहून ठेवावा. त्याखाली कॉम्पेन्सेटर आणि रिलीफ कुठे लावलेत तेही लिहावं. पुढच्या उन्हाळ्यात कुणी मोठा कूलर विकायला आला, तर त्याला आधी ते आकडे दाखवून आजचे मोजायला सांगावं.